दहावा सापडतो कसा?

दहा जण नदी ओलांडून पलीकडे गेले. सगळे नीट पोहोचले ना, म्हणून एकाने मोजले, तर नऊच भरले. तो स्वतःला मोजायचा राहिला होता. दुसऱ्याने मोजले, तरी नऊच. दहावा वाहून गेला असे धरून सगळे कपाळ बडवत रडू लागले. वाटेने जाणाऱ्या एका माणसाने आधी धीर दिला, की दहावा जिवंत आहे. मग एकाला पुन्हा मोजायला लावले आणि नऊपाशी तो थांबताच सांगितले, दहावा तूच.

शंकराचार्यांच्या ‘उपदेशसाहस्री’त या दहाव्याचा दाखला येतो. पुढे चौदाव्या शतकात विद्यारण्यांनी ‘पंचदशी’च्या सातव्या प्रकरणात तो पायरीपायरीने उलगडला. जीव ब्रह्मच असेल, तर त्याला ते कळत का नाही आणि कळते तेव्हा नेमके काय घडते, हे त्यांना दाखवायचे होते.

पहिली पायरी अज्ञानाची: मोजणाऱ्याला आपण दहावे आहोत हे ठाऊकच नाही. त्यातून ‘दहावा नाही, दिसतही नाही’ असा पडदा पडतो, हे आवरण. त्यापायी जे रडणे होते, तो विक्षेप. वाटसरूच्या शब्दावर विश्वास ठेवला की दहावा आहे एवढे कळते. हे परोक्ष ज्ञान. त्याने ‘नाही’ हा समज जातो, पण दहावा अजून दिसलेला नसतो. ‘तो मीच’ हे उमगणे म्हणजे अपरोक्ष ज्ञान. त्यानंतर शोक संपतो आणि तृप्ती येते. दहावा कुठून आणावा लागत नाही. तसेच ब्रह्म हे काही मिळवायचे नसते, असे अद्वैत सांगते.

विद्यारण्य एक तपशील जोडतात. रडणे तत्क्षणी थांबते, पण डोके आपटून झालेली जखम भरायला महिना लागतो. ज्ञान झाल्यावरही देह आणि त्याचे भोग प्रारब्ध संपेपर्यंत चालू राहतात, ते असे.

तरीही शंका उरते. जीव अल्पज्ञ, ईश्वर सर्वज्ञ; दोघे एक कसे? यावर वेदान्ती देवदत्ताचे उदाहरण देतात. पूर्वी दुसऱ्या गावी पाहिलेला देवदत्त आज समोर आला, की आपण ‘हा तोच’ म्हणतो. तेव्हाचे गाव आणि काळ, आताचे गाव आणि काळ हे जुळत नाहीत. ते आपण बाजूला ठेवतो आणि माणूस तेवढा धरतो. तसेच अल्पज्ञता आणि सर्वज्ञता या उपाधी वगळल्या की उरणारे चैतन्य एकच. एकत्व त्या चैतन्याचे आहे. म्हणून जीव सर्वज्ञ ठरत नाही.

रामानुजांना ही वगळणी मान्य नव्हती. जीव हा ब्रह्माचे शरीर आहे, म्हणून दोघे अविभक्त असले तरी भिन्न, असे ते मानत. मध्वाचार्यांनी तर भेदच खरा मानला आणि छांदोग्य उपनिषदातील त्याच महावाक्याचा पदच्छेद बदलून ‘ते तू नाहीस’ असा अर्थ लावला.