फोटो गेला, उत्तर राहिलं

गेली काही वर्षं ऑगस्ट उजाडला की नांदेड-लातूरकडच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एकच संवाद मी पुन्हा पुन्हा वाचतो. कुणीतरी विचारतं, "भाऊ, माझंबी सोयाबीन पिवळं पडलंय, काय मारू?" त्यावर दुसरा सांगतो, "वर बघा की, सरांनी उत्तर दिलंय." वर गेलं तर उत्तर असतं, पण ज्या फोटोला ते दिलं होतं तो फोटो नसतो. तिथं हा संदेश काढून टाकल्याची ओळ असते, नाहीतर काहीच नसतं. विचारणारा मात्र निश्चिंत असतो, कारण उत्तराच्या डोक्यावर एक बारका चौकोन दिसतो आणि त्यात हिरवं-पिवळं काहीतरी असतं. "फोटो हाय की त्यात," असं म्हणून तो फवारणीला लागतो.

या बारक्या चौकोनाबद्दलचा समजच मुळात चुकीचा आहे आणि त्यापायी लोकांची रानं जातात. बहुतेकांना वाटतं, रिप्लायमध्ये दिसतो तो मूळ फोटोच, फक्त लहान करून दाखवलेला. काहींना वाटतं, मूळ फोटो काढला की त्याला दिलेलं उत्तरही आपोआप जातं, म्हणजे उत्तर दिसतंय तर फोटोही कुठंतरी असणारच. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत.

तुम्ही एखाद्या फोटोवर रिप्लाय देता तेव्हा तुमच्या उत्तराच्या पोटात तीन गोष्टी जातात: मूळ संदेशाचा क्रमांक, तो पाठवणारा कोण ते, आणि त्या फोटोची काही किलोबाइटांची पुसट छोटी प्रत. ही प्रत तुमच्या संदेशाचा भाग होते. नंतर फोटो टाकणाऱ्यानं "डिलीट फॉर एव्हरीवन" केलं तर त्याचा संदेश जातो, पण तुमच्या संदेशातली प्रत तुमच्याबरोबर राहते. पत्राला उत्तर लिहिताना मूळ पत्रातल्या दोन ओळी वर उतरवून घ्याव्यात आणि पुढं मूळ पत्र जळून जावं, तसंच हे. उतरवलेल्या ओळी राहतात, पत्र राहत नाही.

यावर शंका घेणारे भेटतात, म्हणून सांगतो. आपोआप नाहीशा होणाऱ्या संदेशांबद्दल व्हॉट्सअ‍ॅपच्या स्वतःच्या मदत-पानावर लिहिलं आहे की अशा संदेशाला रिप्लाय दिला असेल, तर मुदत संपल्यावरही त्यातला उद्धृत मजकूर गप्पांत राहू शकतो. शिवाय २०१८ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा-कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की खास साधनं वापरून रिप्लायमधला उद्धृत मजकूर बदलताही येतो. उद्धरण मूळ संदेशाकडं बोट दाखवणारा नुसता बाण असतं, तर हे जमलंच नसतं.

आता ही छोटी प्रत सोयाबीनच्या बाबतीत का चालत नाही ते पाहू. पान पिवळं पडतं एवढ्यावरून काहीच ठरत नाही. लोहाच्या कमतरतेत शेंड्याची कोवळी पानं आधी पिवळी होतात, पण त्यांच्या शिरा हिरव्या राहतात. आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या रानात, त्यातही पाणी साचून वाफसा मोडला की हे हटकून दिसतं. त्यावर पाण्याचा निचरा करायचा आणि फेरस सल्फेटची अर्धा टक्का फवारणी घ्यायची, म्हणजे १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम, सोबत २५ ग्रॅम चुन्याची निवळी. पिवळा मोझॅक म्हणजे विषाणू. तो पांढऱ्या माशीमुळं पसरतो. त्यात पानावर हिरवे आणि पिवळे ठिपके-पट्टे वेडेवाकडे मिसळलेले असतात आणि पिवळेपणा शिरांनाही सोडत नाही. त्याला औषध नाही. सुरुवातीला दिसलेली झाडं उपटून पुरायची, पिवळे चिकट सापळे लावायचे आणि पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करायचा. तिसरा प्रकार तणनाशकाचा. इमॅझेथापिर मारल्यावर पीक काही दिवस पिवळं पडून थबकतं आणि पुढं आपोआप सावरतं.

म्हणजे सगळा निवाडा शीर हिरवी आहे की पिवळी यावर आणि आधी शेंड्याचं पान पिवळं पडलं की सगळीकडं, यावर आहे. बोटाच्या नखाएवढ्या पुसट चौकोनात शिरेचा रंग दिसत नाही. तो चौकोन दाबून मोठा करता येत नाही, कारण मोठं करायला त्यामागं काही उरलेलंच नसतं. लोहाचं पान आणि मोझॅकचं पान त्या आकारात सारखंच दिसतं. २०२३ च्या खरिपात मराठवाड्यात पिवळा मोझॅक पसरला, त्या वर्षानंतर हा फरक समजावून सांगायचा मला कंटाळा येत नाही, पण त्या चौकोनाच्या भरवशावर फवारणी झाली की राग येतो.

माझ्या डोळ्यांसमोर घडलेला एक प्रसंग सांगतो. एका गटावर निलंगा भागातल्या एका शेतकऱ्यानं सकाळी फोटो टाकला. एका जाणकारानं त्यावर रिप्लाय दिला: "लोह कमी आहे, ५० ग्रॅम मारा." तासाभरात त्या शेतकऱ्याच्या लक्षात आलं की आपण गेल्या वर्षीचा, दुसऱ्या तुकड्याचा फोटो टाकलाय. त्यानं तो सर्वांसाठी काढला, नवा फोटो टाकला आणि कामाला गेला. रिप्लाय देणाऱ्याला त्यानं काही कळवलं नाही. दुपारी कंधारकडचा एक जण वाचत वाचत तिथं आला. त्याला ते उत्तर दिसलं, चौकोन दिसला आणि खाली नवा फोटोही दिसला. उत्तर नव्या फोटोलाच आहे असं धरून त्यानं ते पुढं दुसऱ्या गटात ढकललं. फॉरवर्ड केलेल्या संदेशाबरोबर उद्धरण जात नाही. त्यामुळं पुढच्या गटात नुसतं "लोह कमी आहे, ५० ग्रॅम मारा" एवढंच पोचलं. कोणतं पीक, कोणता रोग, ५० ग्रॅम १० लिटरला की पंपाला, काहीच नाही. तिथल्या ज्या शेतकऱ्याच्या तीन बॅगा सोयाबीनवर मोझॅक होता, त्यानं फेरस सल्फेट मारलं आणि आठ दिवस वाट पाहिली. त्या आठ दिवसांत पांढरी माशी शेजारच्या ओळींत गेली. नवा फोटो मी नंतर मोठा करून पाहिला, तर त्यातही शिरा पिवळ्या होत्या. ते उत्तर त्या फोटोला कधीच नव्हतं.

असं उत्तर समोर आलं तर आधी रिप्लायमधल्या चौकोनावर बोट ठेवून दाबायचं. व्हॉट्सअ‍ॅप तुम्हाला मूळ संदेशापाशी नेतं. तिथं फोटो असेल तर प्रश्नच मिटला. संदेश काढल्याची ओळ दिसली, तर पाठवणाऱ्यानं किंवा अ‍ॅडमिननं तो सर्वांसाठी काढलाय, म्हणजे फोटोत काहीतरी चुकलं होतं असं धरून चालायचं आणि ते उत्तर बाजूला ठेवायचं. दाबूनही कुठंच नेलं नाही, तर तो संदेश बहुधा तुमच्याच फोनमध्ये नाही. तुम्ही तो स्वतःपुरता काढला असेल, फोन बदलताना राहिला असेल किंवा तो टाकला गेला तेव्हा तुम्ही गटात नसाल. यातलं काहीही असलं तरी फोटो दुसऱ्यांकडं शाबूत असू शकतो. मग चौकोनावर लिहिलेलं नाव वाचायचं, त्या माणसाला फोन करायचा आणि फोटो पुन्हा मागायचा, तोही कधी आणि कुठल्या रानात काढला ते विचारून. फोटो मिळाला तरी तुमच्या पानाशी ताडून पाहिल्याशिवाय त्यातलं औषध घ्यायचं नाही. मिळालाच नाही, तर स्वतःच्या झाडाचा ताजा फोटो घेऊन नवा प्रश्न टाकायचा: एक फोटो अख्ख्या झाडाचा, एक शेंड्याच्या पानाचा जवळून, उजेडाकडं धरून. त्याहून बरं म्हणजे दोन झाडं मुळासकट उपटून सहायक कृषी अधिकाऱ्यांना किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवायची. लातूरला केंद्र आहे, नांदेड जिल्ह्यात सगरोळीला आहे.

फोटो टाकणाऱ्याचं काम वेगळं. चुकीचा फोटो गेला आणि त्यावर उत्तर आलं असेल, तर तो गुपचूप काढायचा नाही. आधी उत्तर देणाऱ्याच्या संदेशावर रिप्लाय देऊन लिहायचं, "सर, फोटो चुकलाय, हे उत्तर काढा." मग फोटो काढायचा. उत्तर देणाऱ्याच्या हातात वेळ मर्यादित असतो. संदेश सुधारता येतो तो पाठवल्यापासून १५ मिनिटांत. ही सोय २०२३ मध्ये आली. सर्वांसाठी काढता येतो साधारण अडीच दिवसांत. २०१७ मध्ये ही सोय आली तेव्हा तर फक्त ७ मिनिटं मिळायची. ही मुदत टळली की उत्तर मागं घेता येत नाही. तेव्हा आपल्याच जुन्या उत्तरावर रिप्लाय देऊन "हे चुकीच्या फोटोला दिलं होतं, वापरू नका" असं लिहावं लागतं. निदान वर शोधणाऱ्याला चौकोन आणि खुलासा एकत्र सापडतो.

बाकीचे गैरसमज लहान आहेत. "डिलीट फॉर मी" केलं म्हणजे गटातून गेलं असं नाही, ते फक्त तुमच्या फोनमधून जातं. जागा करायला गॅलरीतून फोटो पुसला की संवादातही तो उघडत नाही आणि दोष पाठवणाऱ्याला जातो, पण त्याच्याकडं फोटो असतो. एकदाच उघडणारा फोटो पिकाच्या प्रश्नाला कधीच वापरू नये, कारण दुसऱ्यांदा कुणालाच तो बघता येत नाही. आणि स्क्रीनशॉट काढून ठेवला म्हणजे पुरावा झाला असंही नाही. वर चेक पॉइंटचं सांगितलं त्याचा अर्थ तोच.

उत्तर देणाऱ्यांना मात्र माझी विनवणी आहे. फोटोच्या भरवशावर उत्तर अर्धं लिहू नका. निलंग्याच्या त्या उत्तरात एवढंच असतं तरी पुरलं असतं: "सोयाबीन, ४० दिवसांचं. शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या, म्हणून लोहाची कमतरता. फेरस सल्फेट ५० ग्रॅम आणि चुना २५ ग्रॅम, १० लिटर पाण्यात. शिरा पिवळ्या असतील तर हे मारू नका, मोझॅक समजा." फोटो काढला गेला असता, फॉरवर्ड होताना चौकोन गळून पडला असता, तरी पुढच्या गटातल्या त्या माणसानं हे वाचून आधी रानात जाऊन पानाची शीर पाहिली असती.