वीज आली, नेट आले नाही

वीज परत आली की राउटरचा दिवा लागतो. मिनिटभरात घरातल्या वाय-फायचे नाव मोबाइलवर दिसते, मोबाइल जोडलाही जातो. पण पान उघडत नाही. अर्धा तास वाट पाहिली तरी परिस्थिती तीच राहते आणि शेवटी कोणीतरी उठून पिन काढून पुन्हा लावते. मग नेट येते. पिन काढल्याने असे काय होते, ते समजले की पुढच्या वेळी नेमकी कोणती पिन आणि किती वेळ काढायची तेही कळते.

वाय-फाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाय-फाय राउटर स्वतः तयार करतो, त्यासाठी त्याला बाहेरच्या कोणाची गरज नसते. इंटरनेट मात्र त्याला मोडेममधून मागून घ्यावे लागते. फायबरच्या जोडणीत मोडेमचे काम भिंतीवर लावलेला छोटा डबा करतो. त्याला ओएनटी म्हणतात, बोलताना लोक त्यालाच मोडेम म्हणतात. बाहेरून काचेच्या तारेतून प्रकाश येतो, ओएनटी त्याचे विजेच्या संदेशात रूपांतर करतो आणि एका लॅन केबलने तो संदेश राउटरला देतो. काही घरांत ही दोन्ही कामे एकच डबा करतो, तिथे क्रमाचा प्रश्नच येत नाही. खरी पंचाईत होते ती दोन डबे असलेल्या घरात.

वीज आली की दोन्ही डबे एकाच क्षणी जागे होतात, पण तयार एकाच वेळी होत नाहीत. राउटरला साधारण मिनिटभर लागते. ओएनटीला आधी स्वतःची प्रणाली सुरू करावी लागते, मग तारेतला प्रकाश पकडावा लागतो, मग कंपनीच्या केंद्रातल्या यंत्राकडे आपली ओळख पटवून जागा मिळवावी लागते. यात दोन-तीन मिनिटे सहज जातात. तोवर राउटरने लॅन केबलवर हाक मारायला सुरुवात केलेली असते. पलीकडे ओएनटीचे लॅन पोर्ट जिवंत दिसते, पण उत्तर द्यायला कोणीच नसते.

चांगल्या राउटरमध्ये हे एवढे गंभीर ठरत नाही, कारण तो पुन्हा पुन्हा हाक मारत राहतो. पण सगळे राउटर सारखे चिकाटीचे नसतात. काही जण दोन हाकांमधले अंतर वाढवत नेतात, काही जण थोड्या प्रयत्नांनंतर थांबून बसतात. काही वेळा दोष राउटरचा नसून सेटिंगचा असतो. अनेक राउटरच्या पानावर जोडणीचा प्रकार निवडायची सोय असते आणि तिथे `Connect Manually` निवडलेले असेल तर प्रत्येक वेळी कोणीतरी बटण दाबेपर्यंत राउटर गप्प राहतो. `Connect on Demand` असेल तर कोणी नेट वापरायला घेईपर्यंत तो जोडणी करत नाही. दर वेळी वीज गेल्यावर हाच त्रास होत असेल तर पिनेला हात लावण्याआधी हे एक पान पाहावे. तिथे `Auto` किंवा `Connect Automatically` असायला हवे.

यातली चमत्कारिक गोष्ट अशी की चार तासांच्या भारनियमनापेक्षा दोन मिनिटांचा झटका जास्त त्रास देतो. याची दोन कारणे आहेत, एक घराबाहेरचे आणि एक डब्याच्या आतले.

बाहेरचे कारण आधी. महाराष्ट्रातल्या बऱ्याच कंपन्या पीपीपीओई पद्धतीने जोडणी देतात. यात राउटरमध्ये युजरनेम आणि पासवर्ड भरलेला असतो आणि राउटर त्याने लॉग-इन करतो. राउटर नीट बंद केला तर तो कंपनीच्या सर्व्हरला निरोप देऊन जातो. वीज अचानक गेली की निरोप द्यायला वेळच मिळत नाही. सर्व्हरच्या दृष्टीने ते घर अजून जोडलेलेच असते. सर्व्हर अधूनमधून विचारणा करतो आणि काही विचारणांना उत्तर आले नाही की मगच जुनी जोडणी मोडीत काढतो. अनेक कंपन्या एका युजरनेमवर एकाच वेळी एकच लॉग-इन चालू देतात. त्यामुळे जुनी जोडणी मोडायच्या आत राउटर परत आला तर पासवर्ड अगदी बरोबर असूनही त्याला नकार मिळतो.

एक उदाहरण घेऊ. संध्याकाळी 7:02 ला डीपीचा फ्यूज उडतो, 7:04 ला वीज येते. 7:05 ला राउटर तयार होऊन हाका मारू लागतो. उत्तर नाही, कारण ओएनटी अजून जागा होतोय. 7:07 ला ओएनटीवरचा `PON` दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर होतो. राउटरची पुढची हाक आता सर्व्हरपर्यंत पोचते, पण तिथे 7:02 ची जोडणी अजून उभी असते आणि लॉग-इन नाकारले जाते. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता `0.0.0.0` दिसतो, इंटरनेटचा दिवा लाल किंवा नारिंगी राहतो. घरातला कोणी घाईने राउटर बंद-चालू करतो, पुन्हा नकार मिळतो. मग कोणीतरी ओएनटीही बंद करतो आणि आणखी तीन मिनिटे घालवतो. इथे घरातल्या कोणत्याही डब्यात बिघाड नाही. सर्व्हरने जुनी जोडणी सोडेपर्यंत थांबणे, एवढेच करायचे होते. पाच-दहा मिनिटे राउटर बंद ठेवून मग चालू केला असता तर तो पहिल्याच प्रयत्नात जोडला गेला असता. त्यानंतरही नकार आला तर कंपनीला फोन करून जुने सेशन काढून टाकायला सांगावे. फोनवर ‘नेट बंद आहे’ एवढेच सांगितले तर माणूस दुसऱ्या दिवशी येतो, ‘सेशन अडकले आहे’ म्हटले तर काम बहुधा तिथल्या तिथे होते.

अमेरिकेत किंवा युरोपात केबल टीव्हीच्या तारेवरून नेट घेणाऱ्या घरांत याच घोटाळ्याचे वेगळे रूप दिसते. तिथला केबल मोडेम बाहेर जोडला जाण्याआधीच राउटरला `192.168.100.` ने सुरू होणारा तात्पुरता पत्ता देऊ शकतो. राउटर तो खरा समजून समाधानाने बसतो. मोडेम जोडला गेल्यावरही राउटरने तोच पत्ता धरून ठेवला तर नेट मिळत नाही.

आता आतले कारण. राउटरच्या अडॅप्टरमध्ये आणि पाटीवर कपॅसिटर असतात. वीज गेल्यावरही त्यांच्यात थोडा साठा उरतो. वीज क्षणभरच गेली किंवा येताना दोन-तीनदा लुकलुकली तर चिपला मिळणारा दाब शून्यावर येतच नाही, अर्धवट खाली जाऊन परत वर येतो. अशा अर्धवट अवस्थेत चिप नीट बंद झालेली नसते आणि नव्याने सुरूही होत नाही. राउटर लटकतो. पॉवरचा दिवा लागलेला असतो, बाकीचे दिवे गोठलेले असतात किंवा सगळे एकदम पेटून राहतात. वाय-फायचे नावच दिसत नाही. वर वर्णन केलेल्या अडचणीपासून ही अडचण ओळखायची खूण हीच. वाय-फाय दिसते पण नेट नाही, तर राउटर सुरू झालेला आहे आणि तो मोडेमची किंवा सर्व्हरची वाट पाहतोय. पाच मिनिटांनीही वाय-फाय दिसत नाही, तर सुरू होतानाच अडकला आहे. त्यासाठी अडॅप्टर सॉकेटमधून पूर्ण काढून किमान अर्धा मिनिट तसाच ठेवावा, म्हणजे साठा रिकामा होतो. पिन काढून लगेच लावण्याने पुन्हा तीच अर्धवट अवस्था ओढवू शकते.

तरीही राउटर दर मिनिटाला आपोआप बंद-चालू होत राहिला तर संशय अडॅप्टरवर घ्यावा. जुन्या अडॅप्टरचे कपॅसिटर थकलेले असतात. दिवा लावण्यापुरती वीज ते देतात, पण वाय-फाय सुरू होऊन मागणी वाढली की दाब कोसळतो आणि राउटर पहिल्यापासून सुरू होतो. बदली अडॅप्टर घेताना व्होल्ट तेवढेच, पिनेची धन-ऋण बाजू तीच आणि अँपिअर तेवढेच किंवा जास्त असावे लागतात. 12 व्होल्टच्या राउटरला 9 व्होल्टचा अडॅप्टर बसतो म्हणून लावू नये.

एक खात्रीचा पुरावा राउटरच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगच्या पानावर मिळतो. बहुतेक घरगुती राउटरमध्ये वीज नसताना चालणारे घड्याळ नसते. सुरू झाल्यावर ते वेळ 1970 च्या 1 जानेवारीपासून मोजतात, काही मॉडेल आणखी एखादी ठरावीक जुनी तारीख धरतात. नेट मिळाले की इंटरनेटवरून खरी वेळ घेतात. लॉगच्या सगळ्या ओळी 1970 च्या असतील तर वीज आल्यापासून राउटरला नेट बहुधा एकदाही मिळालेले नाही. 1970 नंतर आजची तारीख दिसत असेल तर ते मिळाले होते आणि नंतर तुटले.

योग्य क्रम यातूनच ठरतो. दोन्ही डब्यांच्या पिना काढाव्यात. आधी एकट्या ओएनटीला वीज द्यावी आणि `PON` दिवा स्थिर होईपर्यंत राउटरला हात लावू नये. तो स्थिर झाला की राउटर लावावा. जुन्या सेशनची शंका असेल तर मध्ये आणखी काही मिनिटे जाऊ द्यावीत. `LOS` नावाचा लाल दिवा लुकलुकत असेल तर तारेतून प्रकाशच येत नाही. तार कुठेतरी तुटली आहे, कनेक्टर सैल आहे किंवा तिकडच्या यंत्राला वीज नाही. तिथे कितीही वेळा बंद-चालू केले तरी फरक पडत नाही.

या सगळ्यात रिसेटचे बारीक भोक मात्र टाळावे. दहाएक सेकंद टाचणी दाबली की राउटर कोरा होतो, युजरनेम-पासवर्डसकट. ते कुठे लिहून ठेवलेले नसतील तर साधी अडचण पुढच्या दिवसावर जाते.

कायमचा उपाय दोन प्रकारे होतो. दोन्ही डब्यांना मिळून पुरेल असा छोटा डीसी यूपीएस लावला की लहान झटके त्यांना कळतच नाहीत. तो घेताना दोन्ही डब्यांचे व्होल्ट पाहून अँपिअरची बेरीज करावी. त्यातला एकच डबा यूपीएसवर आणि दुसरा साध्या सॉकेटवर ठेवायचा झाला तर यूपीएस ओएनटीला द्यावा, कारण उठायला जास्त वेळ त्याला लागतो. दुसरा उपाय उशिराने वीज देणाऱ्या उपकरणाचा. फ्रिजच्या अनेक स्टॅबिलायझरमध्ये वीज आल्यावर सुमारे तीन मिनिटे थांबण्याची सोय असते. ओएनटी थेट सॉकेटवर आणि राउटर अशा स्टॅबिलायझरमागे ठेवला की क्रम आपोआप पाळला जातो. वाय-फायवर चालणारा स्मार्ट प्लग या कामाला घेताना मात्र एक गोष्ट तपासावी. ज्या प्लगला चालू होण्यासाठी नेट लागते, त्याच्यावर राउटर लावला तर दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात.