तेरा हजारांतला एक

व्हिनेगरमध्ये अ‍ॅसेटिक आम्ल किती आहे हे शोधण्याचा प्रयोग रसायनशास्त्राच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी केलेला असतो. दहा मिलीलिटर व्हिनेगर घ्यायचं, पाणी घालून ते शंभर मिलीलिटर करायचं आणि त्यातलं पंचवीस मिलीलिटर पिपेटने चंबूत घ्यायचं. फिनॉल्फथॅलिनचे दोन थेंब टाकायचे आणि ब्युरेटमधून सोडिअम हायड्रॉक्साइड थेंब थेंब सोडत चंबू गोल फिरवत राहायचं. व्हिनेगर चार टक्क्यांचं आणि हायड्रॉक्साइड ०.१ मोलर असेल, तर साधारण १६.७ मिलीलिटरला एका थेंबासरशी बिनरंगी द्रावण फिकट गुलाबी होतं आणि तो रंग टिकतो.

त्या क्षणी चंबूत आम्ल उरलेलं नसतं आणि हायड्रॉक्साइडही जवळजवळ उरलेलं नसतं. दोघांचं उदासिनीकरण होऊन सोडिअम अ‍ॅसिटेट हा क्षार आणि पाणी तयार झालेलं असतं. उदासीन झालं म्हणजे सामू, म्हणजेच पीएच, ७ असायला हवा, असं आपण शाळेपासून धरून चालतो. पण मोजला तर तो ८.७च्या जवळ निघतो. म्हणूनच इथे ८.२च्या पुढे गुलाबी होणारा फिनॉल्फथॅलिन वापरतात. त्याऐवजी मिथिल ऑरेंज टाकला, तर तो सामू ४.४ला पूर्ण पिवळा होऊन बसतो. तोवर ब्युरेटमधून जेमतेम पाच मिलीलिटर उतरलेलं असतं आणि दोन तृतीयांशांहून जास्त आम्ल शिल्लक असतं.

आम्ल संपल्यावर उरलेलं पाणी आम्लारिधर्मी का होतं, हे समजायला चंबू बाजूला ठेवून नुसता क्षार पाण्यात विरघळवून पाहू. बाजारात मिळणाऱ्या सोडिअम अ‍ॅसिटेटच्या स्फटिकांत प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे तीन रेणू असतात. हे स्फटिक १३.६ ग्रॅम घेऊन एक लिटर द्रावण केलं की ते ०.१ मोलर होतं. क्षार पाण्यात पूर्ण सुटा होतो आणि सोडिअमचे व अ‍ॅसिटेटचे आयन वेगळे फिरू लागतात. सोडिअमचा या गोष्टीत पुढे काही भाग नाही. मिठाच्या पाण्यातही तोच असतो आणि ते पाणी उदासीनच राहतं. जे घडतं ते अ‍ॅसिटेटमुळे.

अ‍ॅसिटेट म्हणजे प्रोटॉन गमावलेलं अ‍ॅसेटिक आम्ल. डेन्मार्कच्या ब्रॉन्स्टेड आणि इंग्लंडच्या लॉरी या दोघांनी १९२३ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, आम्ल म्हणजे प्रोटॉन देणारं आणि आम्लारी म्हणजे प्रोटॉन घेणारं, अशी मांडणी केली. त्या मांडणीत प्रत्येक आम्लाला एक जोडीदार मिळतो. आम्लाने प्रोटॉन दिल्यावर जे उरतं, ते पुन्हा प्रोटॉन घेऊ शकतं. त्यालाच संयुग्मी आम्लारी म्हणतात. अ‍ॅसेटिक आम्ल सौम्य आहे, याचा अर्थ ते आपला प्रोटॉन सहज सोडत नाही. त्याच्या ०.१ मोलर द्रावणात शंभरातले एक-दोन रेणूच प्रोटॉन सोडतात. ज्याला प्रोटॉन एवढा धरून ठेवावासा वाटतो, त्याच्याकडून तो काढून घेतला, तर उरलेला अ‍ॅसिटेट आयन आजूबाजूला प्रोटॉन मिळतो का ते पाहणारच. आजूबाजूला असतं पाणी.

CH₃COO⁻ + H₂O ⇌ CH₃COOH + OH⁻

अ‍ॅसिटेटने पाण्याचा एक प्रोटॉन घेतला की मागे हायड्रॉक्साइड आयन उरतो. यालाच क्षाराचं जलीय अपघटन म्हणतात. द्रावणात आम्लारिधर्म येतो तो या उरलेल्या हायड्रॉक्साइडमुळे. क्लोराइडच्या बाबतीत असं होत नाही, कारण हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात आपला प्रोटॉन पूर्णच सोडून देतं आणि क्लोराइडला तो परत घेण्याची ओढच नसते.

इथे एक चूक फार वेळा ऐकू येते: सौम्य आम्लाची संयुग्मी आम्लारी तीव्र असते. नाही. अ‍ॅसिटेट क्लोराइडपेक्षा बळकट आहे इतकंच, एरवी तोही अतिशय दुबळाच. किती दुबळा, ते आकड्यांनी पाहू. आम्लाचा प्रोटॉन सोडण्याचा स्थिरांक Ka आणि अ‍ॅसिटेटचा पाण्याकडून प्रोटॉन घेण्याचा स्थिरांक Kb यांचा गुणाकार नेहमी पाण्याच्या Kw या स्थिरांकाइतका येतो, कारण त्या दोन अभिक्रिया एकापुढे एक लिहिल्या की शेवटी पाण्याचं स्वतःचं विघटनच उरतं. २५ अंश सेल्सिअसला अ‍ॅसेटिक आम्लाचा Ka माहीत आहे. तेव्हा:

Kb = Kw ÷ Ka = (1.0 × 10⁻¹⁴) ÷ (1.75 × 10⁻⁵) = 5.71 × 10⁻¹⁰

अपघटन इतकं थोडं की अ‍ॅसिटेट जवळपास ०.१ मोलरच राहतो. शिवाय जितके हायड्रॉक्साइड तयार होतात, तितकेच अ‍ॅसेटिक आम्लाचे रेणूही होतात. म्हणून वर्गमूळ घेतलं की काम होतं:

[OH⁻] = √(5.71 × 10⁻¹⁰ × 0.1) = 7.56 × 10⁻⁶
pOH = 5.12
pH = 14 − 5.12 = 8.88

म्हणजे सामू ८.८८. चंबूत तो ८.७च्या जवळ होता, कारण तिथे अ‍ॅसिटेट ०.१ मोलरपेक्षा कमी होता. पण माझ्या मते उत्तरापेक्षा त्याच्या आधीची ओळ जास्त पाहण्यासारखी आहे. लिटरभर द्रावणात अ‍ॅसिटेट ०.१ मोल आणि त्यातल्या प्रोटॉन घेतलेल्यांची संख्या ०.०००००७५६ मोल. भागाकार केला तर सुमारे तेरा हजार अ‍ॅसिटेट आयनांमागे एक. बाकीचे सगळे तसेच फिरत असतात, आणि तेवढ्या एकाच्या जोरावर सामू ७वरून ८.८८पर्यंत चढतो. शुद्ध पाण्यात हायड्रॉक्साइड मुळातच इतके कमी असतात की तेरा हजारांतला एकसुद्धा त्यांची संख्या पंच्याहत्तर पट करतो.

हे लक्षात आलं की प्रयोगशाळेतलं एक जुनं कोडंही सुटतं. विद्यार्थी १३.६ ग्रॅम नेमकं तोलतात, मापकात लिटरची खूण पाहून पाणी भरतात, पीएच मीटर बुडवतात आणि आकडा येतो ८.३, कधी ७.९, कधी त्याहूनही खाली. मग आधी मीटरला दोष, नंतर तराजूला. तराजूचा दोष जवळजवळ कधीच नसतो. समजा स्फटिकांऐवजी चुकून कोरडा, बिनपाण्याचा क्षार १३.६ ग्रॅम घेतला. तो एका लिटरला फक्त ८.२ ग्रॅम लागतो, म्हणजे द्रावण दीडपटीहूनही जास्त तीव्र झालं. तरी वर्गमूळामुळे सामू जातो केवळ ८.९९वर, म्हणजे फरक ०.११चा. एवढ्या ढोबळ चुकीलाही द्रावण फारशी दाद देत नाही.

आता दुसरी चूक पाहा. याच द्रावणाच्या शंभर मिलीलिटरमध्ये चार टक्क्यांच्या व्हिनेगरचा एक थेंब, म्हणजे ०.०५ मिलीलिटर, पडला. सामू ८.८८वरून थेट ७.२च्या आसपास उतरतो. कारण हा थेंब अ‍ॅसेटिक आम्ल आणतो, आणि द्रावणात ते आधी जवळपास नव्हतंच. अ‍ॅसिटेट आणि आम्ल यांचं प्रमाण १३,०००ला १ होतं, ते ३००ला १च्या जवळ येतं. असं प्रमाण माहीत असेल, तर सामू लगेच काढता येतो: ४.७६मध्ये त्या प्रमाणाचा लॉगॅरिथम मिळवायचा. ३००चा लॉग साधारण २.४८, म्हणून ७.२४.

तो थेंब बाहेरूनच यायला हवा असंही नाही. क्षार बनवताना थोडं आम्ल त्यात राहून गेलेलं असू शकतं. सोडिअम अ‍ॅसिटेटची बाटली उघडली की व्हिनेगरचा मंद वास येतो, तो त्याचाच. हजार अ‍ॅसिटेटमागे आम्लाचा एक रेणू राहिला तरी सामू ७.७६. म्हणून मीटरने ७.८ दाखवलं, तर तो बिघडला असं मी धरत नाही. आधी त्याला ७ आणि १०च्या बफरवर तपासते. तिथे तो बरोबर असेल, तर ७.८ हा त्या बाटलीतल्या क्षाराच्या शुद्धतेचाच आकडा आहे. उलट गणित केलं की अकराशे अ‍ॅसिटेटमागे आम्लाचा एक रेणू असल्याचं कळतं. तोलून हा फरक पकडायचा म्हटलं, तर साध्या तराजूवर तो दिसणारही नाही.

दुसरा गुन्हेगार हवा. ऊर्ध्वपातित पाणी उघडं राहिलं की त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरतो आणि त्या पाण्याचा सामू ५.६पर्यंत खाली येतो. मुरलेला वायू लिटरमागे सुमारे ०.००००१३ मोल भरतो. वरच्या हायड्रॉक्साइडशी तुलना करा: वायू त्यांच्या दीडपटीहून जास्त. असं पाणी वापरलं तर तयार झालेले बरेचसे हायड्रॉक्साइड कार्बन डायऑक्साइडमध्ये खर्च होतात. अ‍ॅसिटेट थोडे नवे बनवतो, पण सामू ८.५च्या आसपासच अडतो. बीकर उघडा राहिला आणि हवेतून आणखी वायू शिरत राहिला, तर तो हळूहळू ७.५कडे सरकतो. उपाय साधा आहे: पाणी दहा मिनिटं खळखळ उकळायचं, झाकून थंड करायचं आणि मगच क्षार विरघळवायचा. दोन दोषांतला भेदही मीटरवरच दिसतो. आकडा सुरुवातीपासून कमी आणि स्थिर असेल, तर क्षारात आम्ल आहे. आकडा डोळ्यांदेखत खाली सरकत असेल, तर हवा शिरते आहे.

वर्गमूळाच्या सूत्रालाही हद्द आहे. द्रावण दहापट पातळ केलं की सामू अर्ध्या अंकाने उतरतो: ०.०१ मोलरला ८.३८, ०.००१ मोलरला ७.८८. असंच पुढे जात ०.००००१ मोलरला पोचलो तर सूत्र ६.८८ सांगतं, म्हणजे आम्लधर्मी. आम्लारिधर्मी क्षार कितीही पातळ केला तरी तो पाण्याला आम्लधर्मी करू शकत नाही, म्हणजे सूत्रातच काहीतरी सुटलं आहे. सुटलं आहे ते पाणी. इतक्या पातळ द्रावणात पाणी स्वतः जे हायड्रॉक्साइड देतं, ते क्षाराच्या देणगीपेक्षा कमी नसतात. ते धरून, म्हणजे वर्गमूळाखाली Kw मिळवून, पुन्हा काढलं की खरं उत्तर मिळतं: ७.१०.

वर्गात मी शेवटी दोन बीकर शेजारी ठेवते. एकात नुसतं ०.१ मोलर सोडिअम अ‍ॅसिटेट, दुसऱ्यात तेच द्रावण पण तितकंच अ‍ॅसेटिक आम्ल मिसळलेलं. दोन्हींत व्हिनेगरचा एकेक थेंब टाकते. पहिल्यात मीटरचे आकडे दीड अंकाहून जास्त घसरतात. दुसऱ्यात ४.७६ दिसत असतं आणि थेंब पडल्यावरही ४.७६च दिसतं. तिथे अ‍ॅसिटेटइतकंच आम्ल आधीपासून हजर असल्यामुळे एका थेंबाने त्यांचं प्रमाण हलत नाही. पहिल्या बीकरमध्ये मात्र तेरा हजारांतला तो एकच होता, आणि थेंबातल्या आम्लाने त्याला चाळीसपटीहून जास्त सोबती आणून दिले.