गोळी केव्हा घेतलीस?

जावाजावांच्या दोन मुली. थोरली १९ वर्षांची, बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला. धाकटी १६ वर्षांची, अकरावीत. थोरलीची मी मावशी, त्यामुळे सांगलीच्या त्या घरात माझं येणंजाणं असतं. दर महिन्याला दोघींपैकी कुणीतरी आतल्या खोलीत पोटाशी उशी घेऊन गुडघे दुमडून पडलेली दिसायची. कॉलेज बुडालेलं, जेवण ताटात तसंच. घरात त्याचं कुणाला नवल नव्हतं. "आमच्या घरात हे असंच आहे," थोरलीची आजी म्हणायची, "लग्न झालं की थांबतं."

दोघींना एकाच दिवशी डॉक्टरांकडे नेलं ते केवळ एका गाडीत जागा होती म्हणून. बाहेर आलो तेव्हा कळलं, की या दोन मुलींना दोन वेगळे आजार असण्याची शक्यता आहे. किंबहुना थोरलीचा आजार म्हणावा असा नाहीच, आणि तरीही तिचं दुखणं खरं आहे. ही गुंतागुंत मला तोवर ठाऊक नव्हती.

पाळीत ओटीपोट जड होणं, कंबर भरून येणं, पहिल्या दिवशी थोडी कळ येणं हे बहुतेकींना होतं. त्यात माणूस डबा भरतो, बस पकडतो. पण वर्ग किंवा काम बुडतं, उलटी होते, रात्री झोप लागत नाही, तेव्हा ते दुखणं नेहमीचं राहत नाही. त्याच्यावर उपचार करायचे असतात, सोसायचं नसतं. मात्र ते किती जोरात दुखतं यावरून त्याचं मूळ कळत नाही. डॉक्टरांनी दोघींना पहिला प्रश्न विचारला, तो किती दुखतं हा नव्हताच. "कधी सुरू होतं, आणि कधी थांबतं?"

थोरलीचं उत्तर सरळ होतं. पहिली पाळी तेराव्या वर्षी आली, तेव्हा काही दुखलं नाही. वर्षभराने दुखायला लागलं. अंगावर जायला सुरुवात होण्याच्या दोन-तीन तास आधी कळ येते, पहिला दिवस अगदी वाईट जातो, उलटी होते, दोन-तीनदा पातळ शौचाला होते, मांड्यांपर्यंत कळ जाते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उठून बसते. मधल्या दिवसांत काही नाही.

याला कारण आहे. बीजकोशातून बीज सुटू लागलं, की गर्भाशयाचं अस्तर महिन्याच्या उत्तरार्धात एका संप्रेरकाच्या, प्रोजेस्टेरॉनच्या, आधारावर टिकून राहतं. गर्भ राहिला नाही की तो आधार जातो, अस्तर सुटू लागतं आणि त्याच्या पेशींमधून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. ती गर्भाशयाच्या स्नायूला आवळायला लावतात. रसायनं जास्त झाली तर स्नायू इतका घट्ट आवळतो, की आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि स्नायूला रक्त कमी पडतं. हृदयविकारात छातीत जे होतं त्याच जातीचं हे, फक्त इथे दाब सुटतो आणि पुन्हा येतो. म्हणून कळा येऊन जाऊन असतात. हीच रसायनं रक्तात मिसळून आतड्यापर्यंत पोचली की शौचाला होतं, मळमळतं. पहिल्या वर्षी बऱ्याचदा बीजच सुटत नाही, म्हणून पहिल्या काही पाळ्या दुखण्यावाचून जातात आणि वर्ष-दीड वर्षाने दुखणं सुरू होतं. गर्भाशयात दोष काहीच नसतो. दुखणं अस्सल असतं.

"गोळी घेतेस का?"

"घेते मॅडम, पण काही उपयोग होत नाही."

"केव्हा घेतेस?"

थोरली जरा थांबली. "अगदीच असह्य झालं की. आई म्हणते, सारख्या गोळ्या घेऊ नयेत."

बहुतेक घरांत असंच होतं. मेफेनामिक अ‍ॅसिड किंवा आयबुप्रोफेन ही औषधं नवीन प्रोस्टाग्लँडिन बनणं थांबवतात. जी आधीच बनली आहेत त्यांना ती पुसून टाकत नाहीत. नळ चालू असताना फरशी पुसत बसण्यापेक्षा तोटी आधी बंद करावी, तसं हे आहे. गोळी कळ असह्य झाल्यावर घेतली तर अर्धा दिवस हातचा गेलेला असतो, आणि त्यातच उलटी झाली तर गोळीही बाहेर. डॉक्टरांनी थोरलीला लिहून दिलं ते असं: पहिली चाहूल लागताच, किंवा पाळी ठरलेल्या दिवशी येत असेल तर आदल्या संध्याकाळपासून, दोन घास खाऊन पहिल्यांदा मेफेनामिक अ‍ॅसिड ५०० मिलिग्रॅम, मग दर ६ तासांनी २५० मिलिग्रॅम, दोन-तीन दिवस, घड्याळ लावून. दुखत नसलं तरी पुढची गोळी चुकवायची नाही. आणि एका जातीच्या दोन वेदनाशामक गोळ्या एकत्र नाही.

ही गोळी सगळ्यांसाठी नाही. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा आजार किंवा अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळीने दमा उफाळण्याचा त्रास असेल तर ती टाळायची असते. २०२३ साली आपल्या इंडियन फार्माकोपिया कमिशननेही मेफेनामिक अ‍ॅसिडमुळे क्वचित होणाऱ्या एका गंभीर प्रतिक्रियेबद्दल सावध केलं होतं: गोळीनंतर अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं असं काही दिसलं तर ती लगेच बंद करून डॉक्टर गाठायचा. आजीचा शेक मात्र डॉक्टरांनी कायम ठेवला. काही चाचण्यांत सतत दिलेल्या मंद उष्णतेचा गुण आयबुप्रोफेनच्या जवळपास आढळला आहे. आजीला हे ऐकून फार आनंद झाला. पुढचा महिनाभर तिने ते कॉलनीत सांगितलं.

आता धाकटी. तिचं उत्तर गुंतागुंतीचं होतं आणि ती ते आईकडे बघत बघत देत होती. सुरुवातीला ताईसारखंच दुखायचं. दोन वर्षांपूर्वी बदललं. आता पाळीच्या तीन-चार दिवस आधीच ओटीपोटात दुखू लागतं, पाळी संपल्यावरही दोन दिवस राहतं. महिन्याच्या मध्येही कधीतरी उजवीकडे टोचतं. गोळ्या ती वेळेवर घेते, वहीत लिहून. फरक पडत नाही. मग तिने खाली बघून सांगितलं, की पाळीत शौचाला बसलं की आत सुरी फिरवल्यासारखं होतं. हे तिने आईलाही सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला.

प्रोस्टाग्लँडिनचं दुखणं पाळीबरोबर येतं आणि साधारण तीन दिवसांत जातं. ते आधीपासून सुरू होऊन नंतरही रेंगाळतं, वर्षागणिक वाढतं, शौचाला किंवा लघवीला लागतं, गोळ्यांना जुमानत नाही, तेव्हा गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर, बीजकोशावर, गर्भाशयामागच्या पोकळीत, आतड्यालगत रुजली आहे का, हे बघावं लागतं. त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. तिथलं प्रत्येक ठिकाण दर महिन्याला सुजतं, आजूबाजूला चिकटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो. किशोरवयात तो होत नाही, हा जुना समज आहे. वेदनाशामक गोळ्या आणि संप्रेरकं दोन्ही देऊनही ज्या मुलींचं दुखणं थांबत नाही, त्यांच्यात दुर्बिणीने पाहिलं तर निदान दोन-तृतीयांश जणींत तो सापडतो, असं अमेरिकेतली स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सांगते.

धाकटीची आई म्हणाली, "पण मॅडम, सोनोग्राफी झाली आहे. नॉर्मल आली."

ही दुसरी फसगत. बीजकोशात रक्ताची गाठ झाली असेल, तर सोनोग्राफीत दिसते. पण पोटाच्या आतल्या आवरणावर पसरलेले मिलिमीटरभराचे डाग तिच्यात दिसत नाहीत. त्यातून या वयात तपासणी बहुधा भरल्या मूत्राशयावर पोटावरूनच केली जाते, ती आणखी ढोबळ. नॉर्मल सोनोग्राफीचा अर्थ मोठं काही दिसलं नाही, एवढाच. वर्षानुवर्षं निदान लांबतं त्याला ही एक कागदी खात्री बरीच जबाबदार आहे.

बोलता बोलता धाकटीच्या आईने स्वतःचंही सांगितलं. तिचंही असंच होतं, ३४ व्या वर्षी पिशवी काढली, दुखणं कमी झालं पण गेलं नाही. डॉक्टरांनी हे वहीत लिहिलं, कारण आई किंवा सख्ख्या बहिणीला एंडोमेट्रिओसिस असेल तर मुलीचा धोका वाढतो. आणि पिशवी काढूनही दुखणं का राहिलं असावं, तेही सांगितलं: रुजलेली ऊती मुळात पिशवीबाहेर असते.

मला तेव्हा बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायका आठवल्या. तिथे कामाचा एक दिवस पडला की खाडा, आणि खाड्याचा दंड कोयत्याच्या उचलीतून वळता. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यामागची कारणं अनेक होती, पण पाळीचं दुखणं आणि बुडणारी मजुरी त्यांत होतीच. ज्या दुखण्यावर वेळेवर घेतलेली गोळी पुरली असती, त्याच्यासाठी किती पिशव्या गेल्या असतील, हे आता कोणी मोजू शकणार नाही.

धाकटीला लगेच दुर्बिणीखाली नेलं नाही. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२२ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार लक्षणांवरून संशय पक्का वाटला तर आधी औषध सुरू करता येतं. फार उशिरा निदान होण्यापेक्षा हे बरं. तिला डायनोजेस्ट २ मिलिग्रॅम, रोज एक, न थांबता दिलं. ते अस्तर वाढू देत नाही, म्हणून बाहेर रुजलेल्या ऊतीचीही सूज उतरते. रोग मुळापासून जात नाही. गोळ्या थांबल्या की तो परत डोकं वर काढू शकतो. सहा महिन्यांत गुण आला नाही, किंवा गाठ दिसू लागली, तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया.

थोरलीच्या तिसऱ्या महिन्याच्या पानावर वहीत एकच ओळ होती: "पहिला दिवस, दोन तास." त्या दिवशी ती कॉलेजला गेली होती. तिचं काम तिथेच झालं. गोळी वेळेवर घेऊनही दोन-तीन महिन्यांत गुण आला नसता, तर तिलाही संप्रेरकाच्या गोळ्या आणि मग धाकटीसारखी चौकशी, असं ठरलेलं होतं.

धाकटीचं दुखणं चौथ्या महिन्यात बरंच उतरलं, पण अधूनमधून डाग दिसायचे, आणि त्याने ती वैतागली होती. पाळी मात्र आलीच नाही. आजीने थेट डॉक्टरांनाच विचारलं, "बाई, घाण आत साठत नाही ना?"

"आजी, ती घाण नव्हेच. अस्तर जाडच होत नाही तिचं," डॉक्टर म्हणाल्या, "मग बाहेर पडायला राहतं काय?"

आजीने ते पटल्यासारखं केलं, आणि घरी येताना गाडीत मला हळूच विचारलं, खरंच का गं?