शब्द छाटा, कारण नको

2003च्या जानेवारीत ‘कोलंबिया’ अवकाशयान उडताना बाहेरच्या इंधन टाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अंतराळात असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज बांधला आणि तो नासाच्या व्यवस्थापकांपुढे स्लाइडवर मांडला. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा दिलासा देणारा होता: चाचण्यांवरून पाहता अंदाज धोक्याच्याच बाजूला झुकलेला आहे, म्हणजे प्रत्यक्ष नुकसान कमीच असेल. त्याच स्लाइडच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. चाचणीतला तुकडा 3 घन इंचांचा होता आणि प्रत्यक्ष आदळलेला 1920 घन इंचांचा, असे ती सांगत होती. फरक 640 पटींचा!

1 फेब्रुवारीला पृथ्वीवर परतताना यान फुटले आणि कल्पना चावलासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. या दुर्घटनेची कारणे अनेक होती, एका स्लाइडवर सगळा दोष ढकलता येणार नाही. तरी चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या स्लाइडची खास दखल घेतली. निष्कर्ष मथळ्यात गेला, पण त्याला धक्का देणारी माहिती तळाशी दडली. संक्षेपात नेमके काय हरवते, ते इथे दिसते. आकडा स्लाइडवर होताच, वाचणाऱ्याला त्याचे वजन मात्र कळले नाही.

अहवालाला कात्री लावणारे बहुतेकजण पहिल्या पानापासून सुरुवात करतात आणि प्रत्येक परिच्छेदातून दोन-चार वाक्ये उडवतात. शब्द कमी होतात, पण कुठले वाक्य कशाला आधार देत होते, हे पाहायचे राहून जाते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. विद्यार्थ्यांच्या एका गटाने गावातल्या 40 विहिरींचे पाणी तपासले. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, आणि 14 विहिरींत ती ओलांडलेली निघाली. या 14 पैकी 11 विहिरी उकिरड्यापासून 15 मीटरच्या आत होत्या. उरलेल्या 26 विहिरींपैकी उकिरड्याजवळ होत्या फक्त 4. नमुने पावसाळ्यात एकदाच घेतलेले. अहवाल 2300 शब्दांचा झाला, मर्यादा 1500ची.

कात्री उचलण्याआधी कोऱ्या कागदावर तीन वाक्ये लिहावीत: काय आढळले, ते उकिरड्यामुळे असावे असे का वाटते, आणि कुठवर खात्री नाही. या तीन वाक्यांना लागणारा प्रत्येक आकडा मसुद्यात अधोरेखित करायचा. त्याला हात लावायचा नाही.

मग मोठे तुकडे शोधायचे. ‘पाणी म्हणजे जीवन’ छापाची 300 शब्दांची प्रस्तावना 40 शब्दांत बसते. बाटल्या कशा धुतल्या, याचे 250 शब्द 50वर येतात. तक्त्यात दिलेलेच आकडे पुन्हा गद्यात सांगणारे 300 शब्द 60वर. एवढ्यात 700 शब्द वाचतात. राहिलेले 100 वाक्यावाक्यांतून निघतात, कारण आपल्याकडच्या अहवालांना सरकारी वळणाची भारी हौस. ‘पाण्याच्या नमुन्यांची तपासणी करण्यात आली असता असे दिसून आले की 14 विहिरींमध्ये नायट्रेटचे प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त असल्याचे आढळले’ हे 18 शब्दांचे वाक्य ‘14 विहिरींत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त आढळले’ असे 6 शब्दांत होते. (शब्द एकमेकांना चिकटवून संगणकाची मोजणी फसवणारेही असतात. परीक्षकाला ते लगेच कळते.)

खरी गफलत होते ती त्या 26 विहिरींच्या वाक्यात. ‘तिथे तर काही सापडलेच नाही’ म्हणून ते आधी खोडले जाते. पण ते गेले की ‘14 पैकी 11’ या आकड्याला काही अर्थ उरत नाही. गावातल्या सगळ्याच विहिरी उकिरड्याजवळ असतील, तर दूषित विहिरीही तिथेच सापडणार. 26 पैकी फक्त 4, हे शेजारी दिसले तरच उकिरड्यावर संशय घेता येतो. तसेच ‘14 पैकी 11’च्या जागी ‘बहुतेक’ लिहून दोन शब्द वाचतात, पण वाचकाला पडताळून पाहता येत नाही. पावसाळ्यात एकदाच नमुने घेतल्याची कबुली तर शेवटच्या पानावरून उचलून निष्कर्षाच्या लगतच ठेवावी, आणि सारांश असेल तर त्यातही.

तक्ते, नकाशा, उपकरणांचे तपशील परिशिष्टात हलवता येतात, मात्र परिशिष्ट मर्यादेत मोजले जाते का, हे नियमांत आधी पाहावे. शेवटी छाटलेला अहवाल मूळ मसुदा न वाचलेल्या कुणाला तरी द्यावा आणि तीनच गोष्टी विचाराव्यात: काय आढळले, कशावरून, आणि काय सांगता येत नाही? तिसऱ्या प्रश्नावर तो अडखळला, तर खोडलेल्या वाक्यांतले एखादे परत आणून प्रस्तावनेतले आणखी एक काढावे.