नोट आहे, देश कुठंय?

खिशातली शंभरची नोट काढा आणि उलटी करून बघा. भाषांच्या उभ्या पट्टीत वरून आठव्या ओळीत 'शंभर रुपये' दिसेल. रोज हातात असूनही ही पट्टी आपण कधी वाचत नाही. पण जुनी परदेशी नोट हातात आली, की ती कुठल्या देशाची हे सांगायला असल्या ओळीच कामी येतात.

मला हे कळलं ते एका लालसर नोटेमुळे. रस्त्यावरच्या पथारीवर जुन्या नाण्यांच्या ढिगात ती होती. घोड्यावर बसलेल्या बाईचं चित्र, १०० हा आकडा आणि १९८६ साल. अक्षरं अनोळखी, म्हणून विक्रेता म्हणाला, "रशियाची आहे!" पन्नास रुपये देऊन मीही 'रशियाची नोट' घरी आणली.

घरी नीट बघितलं तेव्हा पहिली शंका आली. लिपी सिरिलिक होती खरी, पण बँकेच्या नावात चक्क इंग्रजी 'जे'सारखं एक अक्षर होतं. रशियन वर्णमालेत ते नाही, सर्बियनमध्ये आहे आणि त्याचा उच्चार 'य' होतो. सिरिलिक लिपी म्हणजे रशिया, हा अंदाज इथेच फसतो. बल्गेरियाच्या जुन्या नोटांवरही हीच लिपी असायची आणि मंगोलियाच्या नोटांवरही हीच असते.

पुढचं काम नोटेनेच सोपं केलं. बँकेचं नाव तिच्यावर सिरिलिकमध्ये होतं, तसंच रोमन लिपीतही होतं. दोन्ही ओळी एकाखाली एक कागदावर उतरवल्या आणि अक्षरं जुळवत गेलो. 'एच'सारखं दिसतं ते 'न', 'पी'सारखं दिसतं ते 'र', 'सी'सारखं दिसतं ते 'स'. पाच मिनिटांत वाचता आलं : नारोदना बांका युगोस्लाव्हिये. म्हणजे युगोस्लाव्हियाची राष्ट्रीय बँक. घोड्यावरची बाई म्हणजे न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयाबाहेर उभा असलेला 'शांती' हा पुतळा. तो घडवला युगोस्लाव्ह शिल्पकार आंतुन ऑगुस्टिंचिच यांनी.

नाव एक, देश वेगळे

देश सापडला असं वाटलं, पण गोष्ट इथे संपत नाही. 'युगोस्लाव्हिया' हे नाव एकाहून अधिक देशांनी वापरलंय. दुसऱ्या महायुद्धाआधी तिथे राजा होता. त्या काळच्या नोटांवर बँकेच्या नावात 'क्राल्येविने', म्हणजे 'राज्याची', हा जादा शब्द येतो. युद्धानंतर सहा प्रजासत्ताकांचा समाजवादी देश झाला. १९९१ मध्ये तो फुटायला लागला आणि १९९२ मध्ये उरलेल्या सर्बिया आणि माँटेनेग्रो या दोघांनी मिळून पुन्हा तेच नाव घेतलं.

मग माझी नोट कुठल्या युगोस्लाव्हियाची? साल बघून कळतंच. पण साल पुसट झालं असेल किंवा तेवढाच कोपरा फाटला असेल, तर 'शंभर दिनार' हे शब्द वाचायचे. माझ्या नोटेवर ते चार वेळा आहेत. 'स्तो दिनारा' दोनदा, एकदा सिरिलिक आणि एकदा रोमन, कारण सर्बो-क्रोएशियन भाषा दोन्ही लिप्यांत लिहिली जायची. तिसरी ओळ 'स्तो दिनार्येव' ही स्लोव्हेनियन आणि चौथी 'स्तो दिनारी' ही मॅसिडोनियन. शेपटीएवढाच फरक, पण त्यावरून कळतं की ही नोट छापली तेव्हा स्लोव्हेनिया आणि मॅसिडोनिया याच देशात होते.

आता १९९३ ची नोट घ्या. पाचावर अकरा शून्यं, म्हणजे ५०० अब्ज दिनार! महागाईने कहर केला होता त्या वर्षीची ही नोट. कवी योव्हान योव्हानोविच झ्माय यांचं चित्र आणि बँकेचं नाव तेच. सगळ्यांची नजर शून्यांवर जाते. पण ओळी मोजा : 'दिनार्येव' नाही, 'दिनारी' नाही. ते लोक देशातून गेले आणि त्यांचे शब्द नोटेवरून गेले.

शेवटी नावही गेलं. २००० सालच्या शंभर दिनारच्या नोटेवर शास्त्रज्ञ निकोला टेस्ला आहे आणि बँक युगोस्लाव्हियाची आहे. २००३ मध्ये देशाचं नाव बदलून 'सर्बिया आणि माँटेनेग्रो' झालं. त्या वर्षीच्या नोटेवरही टेस्लाच आहे, पण बँकेच्या नावात शेवटचा शब्द 'स्र्बिये', म्हणजे सर्बियाची. घाईत बघितलं तर दोन्ही नोटा एकच वाटतात.

माझ्या लाल नोटेच्या पाकिटावर मी आधी 'रशिया' लिहिलं होतं. ते खोडून 'युगोस्लाव्हिया' लिहिलं आणि खाली कंसात 'चार ओळींचा'.