बोट दाबलं, उडी संपली

संध्याकाळची वेळ. पाच वर्षांची नात सोसायटीच्या जिन्याच्या दुसऱ्या पायरीवरून उडी मारते. आजोबा फोनवर बटण दाबतात आणि फोटोत येते ती जमिनीवर टेकून, उठून निघालेली मुलगी. उडी गेली कुठे?

अशा उडीत मूल हवेत असतं ते जेमतेम ०.४ सेकंद. तेवढ्यात बरंच काही घडावं लागतं. डोळ्यांनी पाहून अंगठा हलायलाच माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. पडद्यावर दिसणारं चित्रही किंचित शिळंच असतं, कारण सेन्सरवरून पडद्यापर्यंत यायला त्यालाही वेळ लागतो. शिवाय अनेक फोनमध्ये फोटो बोट टेकवल्यावर निघत नाही, ते उचलल्यावर निघतो. त्यात ऐन वेळी कॅमेरा फोकस शोधू लागला, तर उडी संपलीच म्हणायची. बटण दाबल्यापासून फोटो टिपला जाईपर्यंतच्या विलंबाला ‘शटर लॅग’ म्हणतात.

फोन बनवणाऱ्यांनी यावर युक्ती काढली आहे. कॅमेरा उघडला की फोन सतत फ्रेम टिपत असतो. नवी आली की सर्वांत जुनी पुसतो. बटण दाबताच तो या साठ्यातून त्या क्षणाच्या जवळची फ्रेम उचलतो. म्हणजे फोटो दाबण्याआधीच काढलेला असतो! गूगलने २०१६च्या पिक्सेलमध्ये अनेक फ्रेम एकत्र करून फोटो घडवण्याची पद्धत याच साठ्यावर बसवली. २०१८च्या पिक्सेल ३ मध्ये ‘टॉप शॉट’ आलं. बटण दाबण्याच्या आगेमागे टिपलेली जास्त चांगली फ्रेम असेल, तर ते ती सुचवतं.

मात्र ही युक्ती अंधारात लंगडी पडते. फ्लॅश लावला किंवा नाइट मोड सुरू झाला, की लागणाऱ्या फ्रेम बटण दाबल्यानंतरच टिपाव्या लागतात. नाइट मोडमध्ये तर त्याला काही सेकंदही लागतात. पळत्या मुलासाठी तो बंद केलेलाच बरा.

फोटो बिघडला की दोष कशाचा, हे फोटोच सांगतो. मूल स्पष्ट, पण क्षण चुकलेला असेल तर विलंब झाला. क्षण बरोबर, भिंत स्पष्ट, पण मूल धावण्याच्या दिशेनं फरफटल्यासारखं दिसत असेल तर शटर हळू होतं. सेकंदाला ३ मीटर वेगानं पळणारं मूल १/३० सेकंदात १० सेंटिमीटर सरकतं, १/५०० सेकंदात फक्त ६ मिलिमीटर. अनेक अँड्रॉइड फोनच्या प्रो मोडमध्ये हा वेग हातानं ठरवता येतो. जिथे येत नाही, तिथे मुलाला उजेडात आणणं हाच उपाय.

दुसरा आधार बर्स्टचा, म्हणजे एका दमात अनेक फोटो. आयफोनवर पांढरं बटण डावीकडे ओढून धरलं की सेकंदाला साधारण १० फोटो निघतात. आवाज वाढवायच्या बटणावरून तेच करायचं असेल, तर सेटिंगमध्ये Use Volume Up for Burst सुरू करावं लागतं. सॅमसंगवर Swipe Shutter button to या सेटिंगमध्ये बर्स्ट निवडला की शटरचं बटण ओढून तेच जमतं.

पण बर्स्टकडून किती अपेक्षा ठेवावी? मैदानावरचा गोलंदाज ताशी १२० किलोमीटर वेगानं चेंडू टाकतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ मीटर. दोन फोटोंच्या मधल्या ०.१ सेकंदात चेंडू ३ मीटरहून जास्त पुढे गेलेला असतो. बॅट-चेंडूची गाठ कॅमेऱ्यात सापडली तर नशीब. सेकंदाला ६० फ्रेमच्या व्हिडिओत हेच अंतर अर्ध्या मीटरवर येतं. फोरके व्हिडिओतून काढलेलं चित्र ८ मेगापिक्सेलचं असतं, घरच्या अल्बमला पुरेसं.

उडी मारणारी मुलगी आणि चेंडूवर झेपावणारा कुत्रा यांच्यासाठी मात्र १० फोटो पुरतात, ०.४ सेकंदाच्या उडीतले ३-४ हाती लागतात. अट एवढीच की बर्स्ट उडीआधी सुरू व्हावा. ती जिथे पडणार त्या जागेवर बोट दाबून ठेवून फोकस आधीच बांधून घ्यावा. आयफोनवर AE/AF LOCK अशी अक्षरं दिसतात. झोपाळा त्याहून सोपा. वरच्या टोकाला तो क्षणभर थांबतोच.

आपल्या फोनला किती वेळ लागतो, हे घरीच मोजता येतं. दुसऱ्या फोनवर स्टॉपवॉच लावा, आकडे बघत मनात ताल धरा आणि बरोबर ५ सेकंदांना बटण दाबा. वेळ आधीच ठाऊक असल्यानं आपल्या प्रतिक्रियेचा उशीर बहुतांशी गळतो. फोटोत ५.१५ आले, तर १५ शतांश सेकंद फोनचे. दहा वेळा करून सरासरी काढा. एकदा दिवसा, एकदा ट्यूबलाइटखाली. दोन्ही आकडे सारखे येतातच असं नाही.